फोटो जुना, ओळ नवी

आजच्या बोलण्यात आपण मोबाइलवर येणाऱ्या एका फसवणुकीबद्दल बोलणार आहोत. या फसवणुकीत फोटो खराच असतो. त्यात काही जोडलेलं नसतं, काही खोडलेलं नसतं. खोटी असते ती फक्त फोटोखालची ओळ. कुठला तरी जुना, दूरच्या गावाचा किंवा दूरच्या देशाचा फोटो घ्यायचा आणि त्याखाली आजची तारीख, आपला तालुका, आपल्या ओळखीचं कारण लिहून तो सोडून द्यायचा. करणाऱ्याला एवढं करायला दोन मिनिटं पुरतात.

तुम्ही म्हणाल, असतील असे फोटो, पुसून टाकले की झालं. पण आपल्याच राज्यात याची किंमत माणसांच्या जिवाने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. ही मुलं पळवणारी टोळी आहे असा संशय घेऊन जमावाने त्यांना मारलं आणि ते पाचही जण गेले. त्यांच्यापैकी कोणीही मूल पळवलेलं नव्हतं.

त्या दिवसांत देशभर व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. त्यांच्यासोबत एक दृश्य फिरत होतं. लहान मुलांचे मृतदेह ओळीने मांडलेले. पाहणाऱ्या आईच्या काळजाचं पाणी व्हावं असं. सांगितलं जात होतं की, ही टोळीने पळवून मारलेली मुलं. ती मुलं खरीच होती आणि खरीच गेलेली होती. पण ती सीरिया देशातली होती. दमास्कस शहराजवळच्या घौटा भागात २१ ऑगस्ट २०१३ रोजी विषारी वायूचा हल्ला झाला, त्यात ती गेली. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं, हजारो किलोमीटर दूरचं दुःख उचलून आपल्या गावच्या भीतीला चिकटवलं होतं. त्याच काळात मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओही फिरत होता. तो पाकिस्तानात कराचीला, मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि सूचना देतात, तो भाग कापून टाकलेला होता.

आता यात लोक का फसतात ते बघू. आपल्या स्वयंपाकघरात एकसारखे डबे असतात. डबा बंद असेल तर आत काय आहे ते आपण वर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून ठरवतो. चिठ्ठीवर 'धणे' लिहिलं असेल तर धणे. कोणी चिठ्ठी बदलली तर डबा काही बोलत नाही. फोटोचंही असंच आहे. फोटो दाखवतो की मूल रडतंय, घर पडलंय, पाणी भरलंय. पण कुठे, कधी आणि कशामुळे, हे फोटो सांगत नाही. ते ओळ सांगते. आणि आपण मात्र फोटो डोळ्यांनी पाहिला म्हणून ओळीवरही विश्वास ठेवतो. म्हणून पडताळणी करायची असते ती ओळीची. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: हा फोटो सगळ्यात आधी कधी आणि कुठे दिसला होता?

हा प्रश्न कसा विचारायचा, ते एका खऱ्या फोटोवरून समजून घेऊ.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. जवळपास ९ हजार माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच फेसबुकवर, ट्विटरवर एक फोटो जगभर फिरू लागला. एक चिमुरडा मुलगा आपल्या त्याहून लहान बहिणीला मिठीत घेऊन बसला आहे. ती घाबरलेली, रडवेली. खाली ओळ अशा अर्थाची की, नेपाळमध्ये चार वर्षांचा भाऊ आपल्या दोन वर्षांच्या बहिणीला सांभाळतोय. लोकांना भडभडून आलं. कोणी या मुलांचा शोध घ्यायला लागलं, कोणी मदतीसाठी पैसे गोळा करा म्हणालं.

तो फोटो नेपाळचा नव्हताच. तो व्हिएतनाम देशातला होता. तिथल्या ना सोन न्गुएन नावाच्या फोटोग्राफरने तो २००७ साली, उत्तरेकडच्या हा झांग प्रांतातल्या कान टी गावात काढला होता. भूकंपाच्या जवळजवळ आठ वर्षं आधी. त्याने नंतर बीबीसीला सांगितलं की, मुलांचे आईवडील शेतावर कामाला गेले होते आणि ही दोघं घरासमोर खेळत होती. अनोळखी माणूस आलेला पाहून मुलगी रडायला लागली, म्हणून भावाने तिला जवळ घेतलं. एवढीच गोष्ट. ना भूकंप, ना अनाथ मुलं. आपल्याकडे खुरपणीला गेलेल्या बाईची मुलं अंगणात खेळतात तशीच ती दोघं.

आणि हा फोटो नेपाळच्या ओळीआधीही वेगवेगळ्या ओळींखाली फिरला होता. कधी टाकून दिलेली अनाथ मुलं म्हणून, कधी ब्रह्मदेशातले अनाथ म्हणून, तर कधी सीरियातल्या युद्धात सापडलेली मुलं म्हणून. डबा एकच, चिठ्ठ्या चार. एका जागी पोट भरलं नाही की ओळ बदलायची, असा हा धंदा.

आता समजा, मे २०१५ मध्ये तो फोटो आपल्या बचत गटाच्या ग्रुपवर आला असता आणि कोणी म्हणालं असतं, 'प्रत्येकीने ५० रुपये काढू या.' तर आपण काय केलं असतं? फोटो उलटा शोधला असता. एरवी आपण शब्द लिहितो आणि फोन त्याचे फोटो दाखवतो. इथे आपण फोटो द्यायचा आणि फोनने सांगायचं की असाच फोटो आणखी कुठे कुठे छापलेला आहे. स्मार्टफोन असलेल्या बहुतेकींच्या हातात ही सोय आत्ताच आहे. गटात एकीकडे जरी फोन असला तरी सगळ्यांचं काम होतं.

पायऱ्या सावकाश सांगतो. जवळ वही असेल तर लिहून घ्या.

पहिली पायरी. व्हॉट्सॲपमध्ये आलेला फोटो उघडा. तो फोनमध्ये उतरलेला असला पाहिजे. धूसर दिसत असेल तर त्यावर बोट ठेवून उतरवून घ्या. मग तो आपल्या गॅलरीत दिसेल. दिसला नाही, तर फोटो पूर्ण उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढा. व्हिडिओ असेल, तर एखाद्या स्पष्ट जागी तो थांबवा आणि तिथला स्क्रीनशॉट काढा.

दुसरी पायरी. फोनमधलं Google हे ॲप उघडा. शोधायच्या चौकटीत उजव्या बाजूला माइकचं चिन्ह असतं आणि त्याच्या शेजारी कॅमेऱ्याचं छोटं चिन्ह असतं. या कॅमेऱ्याला Google Lens म्हणतात. त्यावर बोट ठेवा. पहिल्यांदा करताना फोन परवानगी विचारेल, ती द्या. मग गॅलरीतले फोटो दिसतील. त्यातून आपला फोटो निवडा.

तिसरी पायरी. फोटोभोवती एक चौकट येते. तिचे कोपरे बोटाने ओढून लहानमोठे करता येतात. फोटोवर कोणी लाल अक्षरं, बाण किंवा हात जोडल्याची चित्रं चिकटवली असतील तर ती चौकटीबाहेर ठेवा. फक्त मूळ चित्र आत राहू द्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुष्कळदा इथेच शोध चुकतो. अक्षरं आत राहिली तर फोन त्या अक्षरांसारखंच काहीतरी शोधत बसतो.

चौथी पायरी. खाली बरेच फोटो येतील. त्यात काही नुसते सारखे दिसणारे असतात. दुसरीच दोन मुलं, दुसराच भाऊ. ते सोडून द्या. वर Exact matches असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर बोट ठेवा. म्हणजे हुबेहूब तोच फोटो जिथे जिथे आहे, ती पानं समोर येतात.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत तीच राहून जाते. ती म्हणजे आलेली पानं वाचणं. पहिलं पान पाहून थांबायचं नाही. खोटी ओळ जास्त फिरलेली असेल तर पहिली दहा पानंही तीच खोटी ओळ सांगतील. 'नेपाळचे भाऊबहीण', 'नेपाळचे भाऊबहीण', असं दहा वेळा वाचलं की आपल्याला वाटतं, खरंच असेल. पण दहा जणींनी एकच ऐकीव गोष्ट सांगितली म्हणून ती दहा पट खरी होत नाही. आपण किती पानं आहेत ते मोजायचं नाही. आपण सगळ्यात जुनं पान शोधायचं.

जुनं पान शोधायला आणखी एक जागा उपयोगी आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये tineye.com असं लिहा. तिथेही फोटो चढवायची सोय आहे. फोटो सापडला की निकाल कसे लावायचे ते निवडता येतं. त्यात Oldest हा शब्द निवडला की जुन्यात जुनं आधी येतं. तिथे दिसणारी तारीख म्हणजे त्या यंत्राने तो फोटो पहिल्यांदा पाहिला तो दिवस. फोटो त्याहूनही जुना असू शकतो, पण त्याहून नवा असू शकत नाही.

आणि इथेच आपल्याला एक पक्का नियम मिळतो. घटना ज्या दिवशी घडली म्हणतात, त्याच्या एक दिवस जरी आधी तो फोटो कुठे दिसला असेल, तरी ओळ खोटी. पुढे वाद घालायचं कारणच उरत नाही. उद्याच्या लग्नाचा फोटो आजच्या पेपरात छापून येऊ शकत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. नेपाळचा भूकंप २०१५ चा. फोटो २००७ चा. प्रकरण मिटलं. घौटाच्या मुलांचंही तसंच. २०१३ च्या बातम्यांत जे दृश्य होतं, ते २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातलं कसं असेल?

जुनं पान सापडलं की त्यावर दोन गोष्टी बघा. फोटोखाली फोटोग्राफरचं किंवा वृत्तसंस्थेचं नाव आहे का, आणि गाव व तारीख लिहिली आहे का. ज्या पानावर या गोष्टी आहेत त्याचं वजन जास्त. 'हृदयद्रावक, प्रत्येकाने शेअर करा' एवढंच लिहिलेल्या पानाचं वजन शून्य.

पण मैत्रिणींनो, हा नियम एकाच बाजूने चालतो, हे नीट लक्षात ठेवा. फोटो आधी सापडला तर ओळ खोटी, हे नक्की. पण फोटो कुठेच सापडला नाही, तर ओळ खरी, असं मात्र म्हणता येत नाही. जो फोटो फक्त व्हॉट्सॲपवरच फिरला, तो या यंत्रांना दिसतच नाही. फोटोचा तुकडाच कापून पाठवला असेल, किंवा आरशातल्यासारखा उलटा केला असेल, तरी तो हुलकावणी देऊ शकतो. अशा वेळी फोनच्या फोटो सुधारायच्या सोयीतून तो परत उलटा करून शोधून बघा. नाही सापडला, तर आपलं उत्तर एवढंच: 'अजून कळलेलं नाही.' आणि जे कळलेलं नाही, ते पुढे पाठवायचं नाही.

आता एक नेहमीचा घोटाळा. पुष्कळ जणी गॅलरीत फोटोची माहिती उघडतात, तिथे आजची तारीख दिसते आणि म्हणतात, 'बघा, फोटो तर आजचाच आहे.' ही तारीख फोटो काढल्याची नसते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आपली मूळ माहिती, म्हणजे कधी आणि कुठे काढला ते, वाटेतच गमावून बसतो. नावात IMG, मग आठ आकडे आणि WA असं दिसतं. त्यातले आकडे म्हणजे तो व्हॉट्सॲपवरून आपल्या फोनमध्ये आला ती तारीख. आजीच्या लग्नातला फोटो आज कोणी पाठवला तरी तिथे आजचीच तारीख दिसेल. म्हणून त्या तारखेवरून फोटोचं वय ठरवू नका.

संदेशाच्या वर मात्र एक खूण बघा. पुढे पाठवलेल्या संदेशावर एक बाण असतो. पाच किंवा त्याहून जास्त हात बदलून आला असेल तर दोन बाण असतात. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही. पण ज्या काकूंनी पाठवला, त्यांनी तो स्वतः काढलेला नाही आणि त्यांना ज्यांनी पाठवला त्यांनीही काढलेला नाही, एवढं नक्की कळतं. अशा वेळी काकूंच्या भलेपणावरून फोटोचा खरेपणा ठरवता येत नाही.

यंत्र हरलं, तर आपले डोळे आहेत. आणि खेड्यातल्या बाईचे डोळे या कामात शहरातल्या माणसापेक्षा पुढे असतात, कारण पीक, पाणी आणि ऋतू आपल्याला कळतो.

समजा, ऑगस्ट महिन्यात फोटो आला. रस्त्यावर कमरेएवढं पाणी, त्यात अडकलेली एसटी, आणि खाली लिहिलंय, 'आत्ता, सांगली.' २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला खरोखरच मोठा पूर आला होता, त्यामुळे अशी ओळ वाचली की धस्स होतं. माहेर तिकडे असेल तर जास्तच. पण घटकाभर थांबा आणि फोटोतल्या माणसांकडे बघायच्या आधी त्यांच्या मागे बघा.

दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? मराठी आहे, की कानडी, की बंगाली? गाड्यांचे नंबर दिसतात का? सांगलीच्या गाड्या एमएच १०, कोल्हापूरच्या एमएच ०९. परगावची एखादी गाडी असू शकते, पण सगळ्याच गाड्या दुसऱ्या राज्याच्या असतील तर शंका घ्या. बसचा रंग आपल्या एसटीचा आहे का? चालक डाव्या हाताला बसलेला दिसतो का? आपल्या देशात तो उजव्या हाताला बसतो. डावीकडे दिसला तर एकतर फोटो परदेशातला, नाहीतर उलटा केलेला. उलटा केलेला असेल तर पाटीवरची अक्षरंही आरशातल्यासारखी दिसतील. मग शेताकडे बघा. ऑगस्टमध्ये आपल्याकडे गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडलेल्या नसतात, आंब्याला मोहोर नसतो. माणसांच्या अंगावर स्वेटर आहेत का? सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतील, तर फोटो करोनाच्या वर्षांतला असण्याचा संभव मोठा.

यातली कुठलीही एक खूण सापडली म्हणजे निकाल लागला असं नाही. पण आता आपल्याला शोधायला शब्द मिळतात. पाटीवरचं दुकानाचं किंवा गावाचं नाव घ्या आणि 'पूर' या शब्दासोबत लिहून शोधा. एका पाटीवरून गाव सापडतं आणि गावावरून वर्ष सापडतं. आणि खुणांहून सोपा उपाय तर विसरूच नका. माहेरी फोन लावा. 'आई, तुमच्याकडे पाणी आलंय का गं?' एवढं विचारलं की पुष्कळ फोटोंचा निकाल लागतो. तिथे राहणाऱ्या माणसाला विचारणं ही पडताळणीची सगळ्यात जुनी आणि चांगली रीत आहे.

आणखी एक सोय सांगतो. जुने फोटो नव्या ओळींखाली शोधून काढणं हे काही पत्रकारांचं रोजचं काम आहे. अल्ट न्यूज, बूम, न्यूजचेकर अशी त्यांची संकेतस्थळं आहेत. न्यूजचेकरचं पान मराठीतही आहे. फोटोत काय दिसतं ते दोन-चार शब्दांत लिहून पुढे 'फॅक्ट चेक' असं जोडून शोधलं, तर कधी कधी आयतं उत्तर मिळतं, कारण असे फोटो दरवर्षी तेच ते परत येत असतात. पावसाळा आला की पुराचे, सुट्ट्या लागल्या की मुलं पळवणाऱ्यांचे, अपघात झाला की रक्तदानाचे.

मात्र शोधताना एक पथ्य पाळा. आपण फोटो शोधायला देतो म्हणजे तो बाहेरच्या कंपनीकडे जातो. घरातल्या मुलीबाळींचे, एखादीच्या खाजगी प्रसंगाचे फोटो असे चढवू नका. ही रीत आहे ती गावभर फिरणाऱ्या बातमीच्या फोटोंसाठी.

आता फोटो खोटा निघाला, तर पुढे काय? पाठवणारी बाई बहुतेक वेळा वाईट नसते. तिला भीती वाटली किंवा दया आली म्हणून तिने पाठवलं. सगळ्यांसमोर तिला खाली पाहायला लावलं तर ती पुढच्या वेळी आपलं ऐकणार नाही. म्हणून साधं लिहा: 'काकू, तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही शोधून बघितला. तो आपल्याकडचा नाही, २०१३ सालचा सीरिया देशातला आहे. कृपया ग्रुपवरून काढून टाकाल का? तुम्हाला ज्यांनी पाठवला त्यांनाही सांगा.' यात तीन गोष्टी आल्या. फोटो खरोखर कुठला, कधीचा, आणि आता काय करायचं. नुसतं 'हे फेक आहे' म्हटलं तर समोरची विचारते, 'कशावरून?' आणि वाद सुरू होतो. वर्ष आणि गाव सांगितलं की वाद होत नाही.

उत्तर ज्या ग्रुपवर फोटो आला त्याच ग्रुपवर द्या. तोच फोटो 'हे खोटं आहे' असं लिहून दुसरीकडे पाठवू नका, कारण पुढचा माणूस आपली ओळ गाळून नुसता फोटो पुढे ढकलतो, आणि आपणच त्याला पाय दिलेले असतात. दाखवायचाच असेल तर फोटोवरच आडवी मोठी अक्षरं लिहा, 'खोटी ओळ', म्हणजे ती पुसता येणार नाही. ग्रुप चालवणाऱ्या ताईंना दुसऱ्याचा संदेशही सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो. त्यांना फोन करून सांगा.

फोटोसोबत पैसे मागितले असतील, स्कॅन करायचा चौकोन किंवा खातं नंबर दिला असेल, तर फोटो खरा निघाला तरी पैसे पाठवायची घाई नको. खरं दुःख आणि खोटं खातं हेही एकत्र येतं. खातं कोणाच्या नावाचं आहे ते बघा, त्या गावात ओळखीचं कोणी आहे का ते विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे हातून लांब जातात.

आणि फोटोमुळे गावात कोणा अनोळखी माणसाभोवती लोक जमायला लागले असतील, तर ती वेळ फोटो शोधायची नाही. आधी ११२ ला फोन लावा, पोलीस पाटलांना आणि सरपंचांना बोलवा. फोन करताना गावाचं नाव, जागा आणि किती लोक जमलेत ते सांगा. एखादं मूल खरोखरच हरवलं असेल किंवा अडचणीत असेल, तर मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. संशय खरा असो वा खोटा, माणूस पोलिसांच्या हाती सुखरूप गेला पाहिजे. राईनपाड्यात पाच जणांना हे मिळालं नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं बाजूला काढा. गेल्या आठवड्यात ग्रुपवर आलेला, सगळ्यात जास्त बोलबाला झालेला एक फोटो निवडा. जिला फोन चांगला चालवता येतो तिने तो उघडायचा, बाकीच्यांनी फोटोच्या मागे काय दिसतं ते सांगायचं: पाटी, गाडी, पीक, कपडे. मग मिळून शोधायचं आणि गटाच्या वहीत तीन रकाने लिहायचे. ओळ काय म्हणते, सगळ्यात जुनं पान कधीचं आणि कुठलं, आणि आपला निकाल: खोटी, खरी, की अजून कळलेलं नाही. तिसरा निकाल लिहायला लाजू नका. पुष्कळ वेळा तोच बरोबर असतो.